पंधरा चित्रांचा फरक

नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द आयईईई’ या अमेरिकी नियतकालिकात यान लकून, लिओं बोतू, योशुआ बेंजिओ आणि पॅट्रिक हाफ्नर यांचा एक लांबलचक लेख प्रसिद्ध झाला. हातानं लिहिलेले अंक संगणकाला ओळखता कसे येतील, हा त्यातला मुख्य विषय. हे काम हौसेचं नव्हतं. या घराण्यातली यंत्रणा तेव्हा बँकांचे धनादेश वाचायच्या कामाला लागलीच होती आणि दिवसाला लाखोंनी धनादेश तिच्या डोळ्यांखालून जात होते. लेखात वेगवेगळ्या पद्धतींची एक मोठी तुलना दिली आहे. सगळ्यांना तीच परीक्षा: एमनिस्ट नावाच्या संग्रहातली १०,००० चित्रं, प्रत्येक चित्रात शून्य ते नऊपैकी एक हस्तलिखित अंक. लेनेट-४ नावाच्या मॉडेलचं चुकीचं प्रमाण १.१ टक्के. त्याच्यात सुधारणा करून बनवलेल्या लेनेट-५ चं ०.९५ टक्के.

टक्के बाजूला ठेवून चित्रं मोजू या. लेनेट-४ दहा हजारांत साधारण ११० ठिकाणी चुकलं, लेनेट-५ साधारण ९५ ठिकाणी. फरक पंधरा चित्रांचा. आता प्रश्न असा, की नवं मॉडेल खरोखर सरस आहे, की हे पंधरा गुण त्याला नशिबानं मिळाले? परीक्षेला वेगळी दहा हजार चित्रं आली असती, तर निकाल उलटा लागला असता का?

लेखकांनी या शंकेची दखल घेतली होती. चुकीच्या प्रमाणात सुमारे ०.१ टक्का इकडेतिकडे होऊ शकतं, असं त्यांनी आलेखाखाली नमूद केलं आहे. हा ०.१ टक्का कुठून येतो, हे समजायला सोपं आहे. ज्या गोष्टी क्वचित आणि एकमेकींशी संबंध न ठेवता घडतात, त्यांच्या मोजणीतली चढउतार साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. ११० चं वर्गमूळ साडेदहा. म्हणजे दुसरी दहा हजार चित्रं घेतली, तर लेनेट-४ च्या चुका शंभर येतील, एकशेवीसही येतील. लेनेट-५ च्याही ९५ ऐवजी ८५ किंवा १०५ होतील. एवढं वाचून बहुतेक जण मनात एक हिशोब करतात: एकाची मजल १०० ते १२०, दुसऱ्याची ८५ ते १०५, दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात, तेव्हा फरक सिद्ध होत नाही. संख्याशास्त्राचं पुस्तक उघडून दोन प्रमाणांमधल्या फरकाची नेहमीची चाचणी लावली तरी उत्तर तेच येतं. दोन्ही मॉडेलं मुळात सारखीच असली, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात जवळजवळ तीस वेळा निव्वळ योगायोगानं दिसेल, असं ती चाचणी सांगते.

पण हा हिशोब चुकीच्या प्रश्नाचा आहे. त्यात असं धरलेलं असतं, की लेनेट-४ नं एक दहा हजार चित्रं वाचली आणि लेनेट-५ नं दुसरीच दहा हजार. प्रत्यक्षात दोघांसमोर चित्रं तीच होती, एकूण एक तीच. परीक्षेत अवघड चित्रं जास्त आली तर दोघांच्याही चुका वाढणार, सोपी आली तर दोघांच्याही कमी होणार. वर-खाली होणं बरंचसं एकत्रच होणार. म्हणून प्रत्येकाची मजल वेगवेगळी काढून ती एकमेकांशी भिडवली, तर फरकातली अनिश्चितता आहे त्यापेक्षा बरीच फुगलेली दिसते. आपल्याला हव्या असलेल्या फरकाचा स्वभाव त्या दोन टक्केवाऱ्यांत उमटतच नाही.

मग तो कुठे उमटतो? दोन्ही मॉडेलांची उत्तरं चित्रागणिक शेजारी शेजारी ठेवली की. प्रत्येक चित्र चारपैकी एका कप्प्यात पडतं. दोघंही बरोबर, दोघंही चूक, फक्त पहिलं चूक, फक्त दुसरं चूक. दहा हजारांतली बहुतेक, जवळजवळ सगळी, पहिल्या कप्प्यात जातील. ती या दोघांमध्ये निवाडा करायला निरुपयोगी आहेत. सुबक लिहिलेला शून्य दोघांनी ओळखला, यातून कोण सरस हे कसं कळणार? दोघंही चुकले तो कप्पाही तसाच. १९९८ च्या त्याच लेखात एक चित्रपट्टी आहे. जास्तीची, वेडीवाकडी केलेली उदाहरणं देऊन शिकवलेल्या लेनेट-५ कडून चुकलेले ८२ अंक तिच्यात छापले आहेत, प्रत्येकाखाली खरं उत्तर आणि मॉडेलचं उत्तर. त्यातले काही अंक तर माणसालाही पटकन लागत नाहीत. चार म्हणावं की नऊ, सहा म्हणावं की शून्य, असे. अशा चित्रावर दोन्ही मॉडेलं अडखळली, तर दोघांच्या अचूकतेतून एकेक गुण जातो. फरक जिथल्या तिथे राहतो.

राहिले दोन कप्पे, जिथे मतभेद आहे आणि एकच बरोबर आहे. सगळा निवाडा तिथे होतो. पंधराचा फरक म्हणजे या दोन कप्प्यांतल्या संख्यांमधला फरक, दुसरं काही नाही.

ही कल्पना संगणकवाल्यांची नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ क्विन मॅक्नेमर यांनी १९४७ मध्ये ‘सायकोमेट्रिका’ या नियतकालिकात ती मांडली. मानसशास्त्रात नेहमी येणारी अडचण त्यांच्यासमोर होती. त्याच माणसांना दोनदा प्रश्न विचारला, किंवा त्याच विद्यार्थ्यांना दोन प्रश्न घातले, आणि ‘हो’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही वेळा वेगळं आलं. हा बदल खरा मानायचा का? दोन्ही प्रमाणं एकाच गटाची असल्यामुळे ती एकमेकांत गुंतलेली असतात आणि नेहमीचं सूत्र तिथे फसतं. मॅक्नेमर यांचं म्हणणं असं, की ज्यांचं उत्तर दोन्ही वेळा तेच राहिलं त्यांना सोडून द्या आणि ज्यांचं बदललं तेवढेच बघा. बदलच मुळात योगायोगाचा असेल, तर ‘हो’चं ‘नाही’ करणारे आणि ‘नाही’चं ‘हो’ करणारे साधारण सारखेच निघायला हवेत.

मॉडेलांना हीच गोष्ट जशीच्या तशी लागू होते. दोन्ही मॉडेलं सारखीच चांगली असतील, तर मतभेदाच्या प्रत्येक चित्रावर बरोबर कोण निघेल हे नाणं उडवण्यासारखं आहे. छापा आला तर पहिलं बरोबर, काटा आला तर दुसरं. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो: जेवढे मतभेद झाले तेवढ्या वेळा नाणं उडवलं, तर छापा-काट्याची इतकी एकतर्फी वाटणी कितीदा होईल?

लहान संख्येवर हे कागद-पेन्सिलनं करून बघता येतं. समजा मतभेद बाराच आहेत. त्यांपैकी दहांत नवं मॉडेल बरोबर निघालं, दोनांत जुनं. बारा वेळा नाणं उडवलं तर छापा-काट्याचे एकूण ४,०९६ क्रम होतात, कारण दर वेळी शक्यता दुप्पट होते. त्यांतला जुन्याच्या वाट्याला एकही न येणारा क्रम एकच. बरोबर एक येणारे बारा, कारण तो एक बारांपैकी कुठल्याही जागी येऊ शकतो. बरोबर दोन येणारे सहासष्ट. बेरीज ७९. आता, आपण आधी कोणाची बाजू धरलेली नव्हती. जुनं मॉडेल दहा-दोननं जिंकलं असतं तरी आपण तेवढंच चकित झालो असतो. म्हणून दुप्पट करायचं, १५८. त्याला ४,०९६ नं भागलं की ०.०३९ येतात. म्हणजे दोन्ही मॉडेलं सारखी असताना एवढी एकतर्फी वाटणी शंभरात चारदा दिसेल. हीच ती पी-व्हॅल्यू. वाटणी नऊ-तीन असती, तर त्याच पद्धतीनं ७९ मध्ये बरोबर तीन येणारे २२० क्रम मिळवायचे, २९९ होतात, दुप्पट ५९८, आणि पी-व्हॅल्यू ०.१५ वर जाते. दहा-दोन आणि नऊ-तीन यांत एका चित्राचा फरक, पण पुरावा कितीतरी पातळ झाला. मतभेद थोडे असले की निष्कर्ष असा एकेका चित्रावर हलतो, आणि हे हाती करून बघितल्याखेरीज मनावर ठसत नाही.

या हिशोबात दहा हजार हा आकडा कुठेही आलेला नाही. परीक्षा शंभर चित्रांची असो वा लाखाची, पुराव्याचं वजन मतभेदांच्या संख्येवर आणि त्यांच्या वाटणीवर ठरतं. आपला चाचणीसंच मोठा आहे म्हणून तुलना भक्कम आहे, असं अनेकदा ठोकून दिलं जातं. पण दहा हजार चित्रांत मतभेद बाराच असतील, तर तुलनेपुरते आपल्यापाशी बाराच दाखले आहेत.

आता लेनेट-४ आणि लेनेट-५ कडे परत जाऊ. चुका ११० आणि ९५. त्यांतल्या सामाईक किती, म्हणजे किती चित्रांवर दोघंही चुकले, हे त्या लेखातल्या टक्केवाऱ्यांवरून काढता येत नाही. म्हणून मी सामाईक चुकांच्या काही कल्पित संख्या घेतो. अचूकता दर वेळी तीच राहते. फक्त चुका एकमेकांवर किती पडतात ते बदलतं.

समजा सामाईक चुका ५० आहेत. मग फक्त लेनेट-४ चुकलं अशी चित्रं ६० आणि फक्त लेनेट-५ चुकलं अशी ४५. एकूण मतभेद १०५, वाटणी ६०-४५. एकशेपाच वेळा नाणं उडवून अशी वाटणी सहज येऊ शकते. पी-व्हॅल्यू सुमारे ०.१७. यावरून ‘नवं मॉडेल सरस’ असं कोणी म्हणू नये.

समजा सामाईक चुका ८० आहेत. मग वाटणी ३०-१५. फरक तोच पंधरा, पण आता तो ४५ मतभेदांतून निघाला आहे. पी-व्हॅल्यू सुमारे ०.०३६ होते. हे काढायला कुठलंही खास सॉफ्टवेअर लागत नाही. स्प्रेडशीटच्या एका चौकटीत हे सूत्र टाइप केलं की झालं:

```
=2*BINOM.DIST(15,45,0.5,TRUE)
```

पंधरा ही लहान बाजू, पंचेचाळीस एकूण मतभेद, अर्धा म्हणजे नाण्याची शक्यता, आणि दोन म्हणजे आधी केलेली दुप्पट. (दोन्ही बाजू अगदी सारख्या असतील, तर या दुपटीमुळे उत्तर एकाच्या वर जातं. तेव्हा ते एक धरायचं.)

सामाईक चुका ९० असतील, तर वाटणी २०-५ आणि पी-व्हॅल्यू ०.००४. आणि लेनेट-५ जिथे चुकलं तिथे प्रत्येक ठिकाणी लेनेट-४ ही चुकलं असेल, म्हणजे सामाईक चुका पूर्ण ९५ असतील, तर वाटणी १५-०. पंधरा वेळा नाणं उडवून पंधराही वेळा तीच बाजू येण्याची ही गोष्ट. पी-व्हॅल्यू एका दशसहस्रांशाहूनही कमी.

हे चार निकाल शेजारी ठेवले की छापील टक्केवारी किती कमी सांगते ते दिसतं. १.१ आणि ०.९५ हे दोन आकडे चारही वेळा तेच होते, तरी एकदा फरक योगायोगाचा ठरला आणि एकदा जवळपास निर्विवाद. वर नेहमीच्या चाचणीनं जे ‘शंभरात तीस’ उत्तर दिलं, ते मिळतं दोघांच्या चुका जवळजवळ मुळीच जुळत नाहीत अशा स्थितीत. अंक वाचणाऱ्या मॉडेलांबाबत ही स्थिती जवळपास अशक्य आहे, कारण वाईट लिहिलेला अंक सगळ्यांनाच वाईट. लेनेट-४ आणि लेनेट-५ तर एकाच घरातली भावंडं, तेव्हा त्यांच्या चुका बऱ्याच जुळत असणार असा माझा कयास आहे. पण कयासाची गरजच पडायला नको. चित्राचा क्रमांक, खरं उत्तर, पहिल्याचं उत्तर, दुसऱ्याचं उत्तर, अशा चार रकान्यांची एक फाइल जोडली की दहा मिनिटांत निकाल लागतो. मॉडेलांची तुलना छापणाऱ्या प्रत्येकाकडून ही फाइल मागितली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पी-व्हॅल्यूवर थांबणंही बरोबर नाही. ३०-१५ ची वाटणी घेतली, तर ‘फरक आहे’ एवढं ती सांगते, ‘किती आहे’ ते सांगत नाही. त्यासाठीही मतभेदच पुरतात. फरक पंधरा, आणि त्यातली चढउतार मतभेदांच्या संख्येच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे ४५ चं वर्गमूळ, सुमारे ६.७. त्याची साधारण दुप्पट केली की तेरा. तेव्हा खरा फायदा दहा हजार चित्रांमागे दोन ते अठ्ठावीस चित्रांच्या दरम्यान कुठेतरी आहे. दिवसाला लाखो धनादेश वाचणाऱ्याला यातली वरची बाजू फार मोलाची वाटेल, खालच्या बाजूसाठी मात्र तो यंत्रणा बदलण्याचा खर्च करणार नाही. हा पट्टा नुसत्या पी-व्हॅल्यूपेक्षा त्याच्या कितीतरी जास्त कामाचा आहे.

एकाच परीक्षेवर जोडीनं तुलना केल्याचा फायदा प्रत्यक्षात दिसतो का, याचा एक सुंदर दाखला एमनिस्टच्याच इतिहासात आहे. हा संग्रह अमेरिकेतल्या निस्ट या राष्ट्रीय मानक संस्थेनं गोळा केलेल्या हस्ताक्षरांतून बनवला होता. काही अंक जनगणना खात्यातल्या कर्मचाऱ्यांनी लिहिलेले, काही शाळकरी मुलांनी. मूळचा चाचणीसंच ६०,००० चित्रांचा होता, पण त्यातली दहा हजारच प्रसिद्ध झाली आणि उरलेली पन्नास हजार काळाच्या ओघात हरवली. वीसेक वर्षं जगभरच्या संशोधकांनी त्याच दहा हजार चित्रांवर आपापली मॉडेलं पुन्हा पुन्हा तपासली. अशा वापरानं चाचणीसंच ‘झिजतो’, मॉडेलं नकळत त्याच चित्रांना सरावतात, ही भीती रास्त होती. २०१९ मध्ये छवी यादव आणि लिओं बोतू यांनी जुन्या नोंदींवरून ती हरवलेली पन्नास हजार चित्रं पुन्हा उभी केली. हे बोतू १९९८ च्या त्या चौघांपैकीच एक. नव्यानं सापडलेल्या चित्रांवर मॉडेलांची परीक्षा घेतली, तेव्हा चुकीची प्रमाणं छापील प्रमाणांपेक्षा थोडी वेगळी आली, पण मॉडेलांचा क्रम मोठ्या प्रमाणात टिकला. जे आधी सरस होतं ते बहुतांशी सरसच राहिलं. आणि याचं कारण त्यांनी सांगितलं ते हेच, की सगळ्या मॉडेलांची तुलना त्याच अंकांवर जोडीनं झाली होती. चाचणीसंचाचा कल सगळ्यांनाच एका दिशेला ढकलतो, त्यामुळे टक्केवारी बिघडली तरी तुलना शाबूत राहते.

मात्र ही चाचणी बिनधोक नाही, आणि ती कुठे फसते तेही त्याच संग्रहावर दाखवता येतं. नाण्याची उपमा एका गृहीतकावर उभी आहे: प्रत्येक मतभेद दुसऱ्यापासून स्वतंत्र असावा. एमनिस्टमध्ये एकेका माणसानं अनेक अंक लिहिले आहेत. समजा आपल्या ३०-१५ च्या वाटणीतल्या तीसांपैकी बारा चित्रं एकाच माणसाची निघाली. तो आपल्या साताच्या दांडीवर आडवी रेघ मारायचा आणि जुन्या मॉडेलला ती रेघ पचत नव्हती. मग ही बारा वेगवेगळी नाणी नव्हेत, एकच नाणं बारा वेळा मोजलेलं आहे. ते एकदाच मोजलं तर वाटणी १९-१५ उरते आणि ‘नवं सरस’चा सगळा पुरावा विरून जातो. हे आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी मतभेदाची चित्रं डोळ्यांनी बघावी लागतात आणि कोणी लिहिली ते तपासावं लागतं. प्रसिद्ध एमनिस्टमध्ये लेखकांची नोंद नव्हती. यादव आणि बोतू यांनी पुन्हा उभ्या केलेल्या संग्रहात ती आहे आणि म्हणून असा तपास आता करता येतो. हाच धोका इतरत्र याहून मोठा असतो. एकाच रुग्णाचे दहा एक्स-रे, एकाच लेखातली पन्नास वाक्यं, एकाच कॅमेऱ्यानं पाठोपाठ टिपलेली दृश्यं, यांना स्वतंत्र धरलं की चाचणी खोटा आत्मविश्वास देते. अशा वेळी रुग्णागणिक किंवा लेखागणिक एकत्र करून मोजायला हवं.

चुकीच्या लेबलांचा मुद्दा मात्र वाटतो तितका भयंकर नाही. एमनिस्टच्या दहा हजार चाचणी-चित्रांतही मूळ उत्तरच चुकीचं असलेली काही चित्रं सापडली आहेत. दोन्ही मॉडेलांनी त्यावर खरं वाचलं, तर दोघांनाही चूक धरलं जातं आणि ते चित्र निरुपयोगी कप्प्यात जाऊन पडतं. तुलनेला धक्का लागत नाही. धोका आहे तो मतभेदाच्या कप्प्यांत असं चित्र आलं तर, कारण तिथे ते नेमकं उलट्या बाजूला मोजलं जातं. सुदैवानं मतभेद थोडेच असतात. पंचेचाळीस चित्रं हातानं तपासून लेबलं दुरुस्त करणं एका बैठकीचं काम आहे.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे आणि तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. लेनेटसारखं मॉडेल शिकवायला सुरुवात करताना त्यातले हजारो आकडे यादृच्छिक भरलेले असतात. सुरुवात वेगळी झाली, की शिकून तयार झालेलं मॉडेलही थोडं वेगळं निघतं आणि त्याच परीक्षेत दहा-पंधरा चुका इकडच्या तिकडे होऊ शकतात. मॅक्नेमर चाचणी तुलना करते ती तयार झालेल्या दोन मॉडेलांची, हातात असलेल्या त्या दोन फाइलींची. ‘लेनेट-५ ही पद्धत लेनेट-४ पेक्षा चांगली आहे का?’ हा प्रश्न वेगळा आहे, कारण त्यात पुन्हा पुन्हा शिकवल्यावर काय होईल हेही येतं. टॉमस डायटरिक यांनी १९९८ मध्येच ‘न्यूरल कॉम्प्युटेशन’ मध्ये अशा पाच चाचण्या तपासून पाहिल्या. तेव्हा लोकप्रिय असलेली एक रीत अशी होती, की माहितीची यादृच्छिक विभागणी पुन्हा पुन्हा करायची, दर वेळी दोन्ही मॉडेलं शिकवायची आणि शेवटी फरकांवर टी-चाचणी लावायची. प्रत्येक विभागणीत तीच माहिती फिरून फिरून येत असल्यामुळे ही रीत फरक नसतानाही ‘फरक आहे’ असं फार वेळा सांगत होती. तिला हात लावू नका, असं डायटरिक यांनी स्पष्ट सांगितलं. मॅक्नेमर चाचणी या बाबतीत भरवशाची निघाली. शिकवण्याचा खर्च इतका मोठा असेल की मॉडेल एकदाच शिकवणं परवडतं, तिथे त्यांनी तीच सुचवली. परवडत असेल तर वेगवेगळ्या सुरुवातींनी दोन्ही मॉडेलं अनेकदा शिकवावीत आणि दर जोडीची वाटणी दाखवावी. पाचपैकी चार जोड्यांत वाटणी एकाच बाजूला झुकली, की वाचकाला बरंच कळतं.

शेवटी एक गोष्ट, जी या विषयावर बोलताना बहुधा राहूनच जाते. १९९८ च्या त्याच तुलनेत सपोर्ट व्हेक्टर पद्धतीच्या एका मॉडेलचं चुकीचं प्रमाणही १.१ टक्केच आहे, लेनेट-४ एवढंच. अशा दोघांवर मॅक्नेमर चाचणी लावली, तर दोन्ही कप्पे जवळपास सारखे येणार आणि फरक नाही असं उत्तर मिळणार. पण ‘कोणी सरस नाही’ आणि ‘दोन्ही सारखीच’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ५-५ ची वाटणी असली तर दोघं खरंच एकमेकांची नक्कल आहेत. ६०-६० ची असली तर एकशेवीस चित्रं दोघं वेगवेगळ्या नजरेनं वाचतात. दुसऱ्या प्रकारात दोघांना एकत्र कामाला लावण्यात मोठा फायदा असतो. त्या चौघांनी तुलनेत घेतलेल्या ‘बूस्टेड लेनेट-४’ मध्ये अशीच युक्ती आहे. तीन जाळी एकत्र काम करतात. दुसरं जाळं शिकतं ते पहिल्याला निम्मीअर्धी न जमणाऱ्या उदाहरणांवर आणि तिसरं शिकतं ते पहिल्या दोघांचं जिथे जमत नाही अशा उदाहरणांवर, म्हणजे नेमकं त्यांच्या मतभेदांवर. एकट्या लेनेट-४ चं चुकीचं प्रमाण १.१ टक्के होतं. तिघांनी मिळून ते ०.७ टक्क्यांवर आणलं.